'सर्व अधिकार अध्यक्षांना' : जागा खरेदीचा एक ठराव दोनदा का लिहावा लागला

पुण्यातल्या एका पेठेत मोफत वाचनालय आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवणारा एक सार्वजनिक न्यास आहे. न्यासाचे नाव देत नाही, आकडे ढोबळ करून घेतले आहेत. भाड्याच्या दोन खोल्या मालकाने रिकाम्या करून मागितल्या, म्हणून विश्वस्तांनी जवळच्याच एका इमारतीत तळमजल्यावरचा ऑफिस वापराचा गाळा बघितला. चटई क्षेत्र 640 चौरस फूट. विकणाऱ्याने 62 लाख सांगितले होते, बोलाचाली होऊन 58 लाखांवर सौदा ठरला. अध्यक्षांनी स्वतःच्या खात्यातून 2 लाखांचा विसार दिला आणि मुदत ठेव मोडायला बँकेत गेले. बँकेने ठरावाची प्रत मागितली, ती वाचली आणि परत केली. ती प्रत घेऊन सचिव माझ्याकडे आले.

10 मार्च 2024 च्या सभेतला तो ठराव असा होता :

'संस्थेच्या कार्यासाठी जागा खरेदी करण्याचे ठरले. याबाबतचे सर्व अधिकार मा. अध्यक्षांना देण्यात येत आहेत. लागणारी रक्कम संस्थेच्या ठेवींमधून वापरण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर.'

सूचक, अनुमोदक, खाली सह्या, सगळे जागेवर. असे ठराव मी शेकड्याने वाचले आहेत. लिहिणाऱ्यांचा हेतू स्वच्छ असतो आणि अध्यक्षांवर सगळ्यांचा विश्वास असतो, या न्यासात तर तो सार्थच होता. पण हा ठराव वाचून त्रयस्थ माणसाला चार गोष्टी कळत नाहीत. जागा कोणती, किंमत किती, पैसा नेमका कोणता, आणि हे ठरवायचा अधिकार या सभेला होता का. कळते ते एवढेच की सही कोण करणार, आणि पुढे दिसेल तसे तेही चूक होते.

सर्वांत मोठी अडचण 'सर्व अधिकार' या दोन शब्दांत आहे. विश्वस्ताला आपले कर्तव्य दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही, अगदी सहविश्वस्ताच्याही नाही. भारतीय न्यास अधिनियम, 1882 च्या कलम 47 मध्ये हे लिहिलेले आहे. तो कायदा सार्वजनिक धर्मादाय न्यासांना थेट लागू नसला तरी हे तत्त्व त्यांनाही लावले जाते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक सोयही आहे. ज्या कामात स्वतःची विवेकबुद्धी चालवायची नसते, जे नुसते पार पाडायचे असते, त्यासाठी मुखत्यार नेमला तर ते अधिकार सोपवणे ठरत नाही. खरेदीच्या ठरावाची सगळी घडण या स्पष्टीकरणावर उभी असते. कोणती जागा, किती किमतीला, कोणत्या पैशातून, हे विश्वस्तांनी एकत्र बसून ठरवायचे. इतके ठरवायचे की सही करणाऱ्याला ठरवायला काहीच उरू नये. मग त्याची सही हे फक्त पार पाडण्याचे काम राहते. ठरावात किंमत लिहिली नाही की किंमत ठरवण्याचे काम सही करणाऱ्याकडे जाते, आणि तिथेच ठराव कच्चा होतो.

म्हणून मी सांगितले की जुन्या ठरावाची डागडुजी नको, नव्याने सभा घ्या. पण त्याआधी न्यासपत्र काढायला लावले. ते कपाटातून निघाले, टंकलिखित, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात तीन गोष्टी सापडल्या. स्थावर मिळकत घेण्याचा अधिकार विश्वस्तांना होता, 'न्यासाच्या उद्दिष्टांसाठी' या अटीवर. सभेची नोटीस विषय नमूद करून पूर्ण सात दिवस आधी द्यायची होती आणि गणपूर्ती सातपैकी पाच विश्वस्तांची होती. आणि स्थावराच्या कोणत्याही दस्तावर अध्यक्ष व आणखी एक विश्वस्त अशा दोन सह्या लागणार होत्या. एकट्या अध्यक्षांना सहीचा अधिकार देणारा पहिला ठराव न्यासपत्राच्याच विरुद्ध होता.

मग 10 मार्चच्या सभेची नोटीस मागितली. तीत जमाखर्च, वार्षिक कार्यक्रम आणि शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असे होते. जागेचा विषय ऐनवेळी आला होता. 58 लाखांची खरेदी ऐनवेळच्या विषयात कधीच घेऊ नये. गैरहजर राहिलेला एक विश्वस्त नंतर म्हणू शकतो, विषय माहीत असता तर मी आलो असतो. त्याचे म्हणणे खोडून काढायला काही हाती राहत नाही.

अधिकाराचा आणखी एक पदर होता. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला परिशिष्ट एकचा उतारा, ज्याला सगळे पी.टी.आर. उतारा म्हणतात, त्यावर पाचच विश्वस्तांची नावे होती. दोन नवे विश्वस्त आले होते, पण त्यांचा बदल अर्ज प्रलंबित होता. त्यांनी मत देऊ नये असे मी म्हटले नाही. मात्र नोंदीवर असलेले पाचही जण हजर राहतील आणि ठरावाच्या बाजूने मत देतील एवढे बघा, असे सांगितले. म्हणजे नव्या दोघांची मते कुणी वगळली तरी गणपूर्ती आणि बहुमत दोन्ही टिकतात. त्या दोघांपैकी एकाचे मेहुणे या सौद्यात मध्यस्थ होते. ते गृहस्थ स्वतःहून म्हणाले की मी या विषयाला बाहेर थांबतो. ते बाहेर थांबले, हे इतिवृत्तात लिहिले. न्यासाकडून कोणतीही दलाली दिली जाणार नाही, हेही लिहिले.

किमतीकडे वळू. 58 लाख हा आकडा बोलाचालीतून आला होता, आणि ठरावात नुसता आकडा पुरत नाही. तो कशावरून योग्य ठरवला हे यावे लागते, कारण ही किंमत विश्वस्तांनी का मान्य केली हा प्रश्न दहा वर्षांनंतरही विचारला जाऊ शकतो. नोंदणीकृत मूल्यांकनकाराने 59 लाख 20 हजार मूल्य काढले. सरकारने ठरवलेल्या दरांप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, 54 लाख 60 हजार येत होते. ठरलेली किंमत दोन्हींच्या मधे बसत होती. मुद्रांक शुल्क किंमत आणि रेडी रेकनरचे मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागते, म्हणून ते 58 लाखांवर मोजले. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 6 हजार. नोंदणी फी 1 टक्का असली तरी 30 हजारांवर जात नाही. सर्च, मूल्यांकन, वकील फी आणि सोसायटीचे हस्तांतर यांसाठी 64 हजार धरले. एकूण 63 लाख झाले. पहिल्या वेळी सगळ्यांच्या डोक्यात 58 लाखच होते. वरचे 5 लाख कुठून आणायचे याचा विचार कुणी केलेला नव्हता.

पैशाच्या बाबतीत तर आम्ही दोन संध्याकाळी बसलो. 'संस्थेच्या ठेवींमधून' असे लिहिले की बँकेला आणि हिशेब तपासनिसांना काही बोध होत नाही, कारण ठेवी कशाकशाच्या आहेत हे तिथे दिसत नाही. कोषाध्यक्षांनी ठेवींच्या पावत्या टेबलावर मांडल्या. इमारत निधीची ठेव व्याजासह 41 लाख 50 हजार होती. सर्वसाधारण निधीत 12 लाख वापरता येण्यासारखे होते. उरलेले साडेनऊ लाख त्यांनी एका तिसऱ्या पावतीवर बोट ठेवून दाखवले. मी पावतीला जोडलेले देणगीदाराचे पत्र वाचायला सांगितले. त्यांनी मोठ्याने वाचले : 'माझ्या आईच्या स्मरणार्थ ग्रंथ खरेदीसाठी.' ते तिथेच थांबले आणि पावती बाजूला ठेवली. पुस्तकांसाठी दिलेला पैसा भिंतींसाठी वापरता येत नाही, वाचनालयाच्या भिंती असल्या तरी.

मग एका विश्वस्तांनी साडेनऊ लाख बिनव्याजी उसने द्यायची तयारी दाखवली. त्यांचे मन मोठे, पण हा रस्ताही बंद होता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36अ प्रमाणे न्यासासाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. कर्ज बिनव्याजी आहे किंवा विश्वस्तानेच दिले आहे म्हणून ते कर्ज राहत नाही असे नाही. शेवटी त्याच विश्वस्तांनी 5 लाख देणगी म्हणून दिले आणि साडेचार लाख आणखी तीन देणगीदारांकडून आले. चौघांनीही 'इमारत निधीसाठी' असे लिहिलेले पत्र दिले. हे पत्र पैशाबरोबरच घ्यावे, नंतर मागायला गेले की लाजेखातर राहून जाते.

निधी वेगवेगळे दाखवण्याला प्राप्तिकराचेही कारण आहे. कायम निधी म्हणून आलेल्या देणगीतून केलेला खर्च 1 एप्रिल 2021 पासून त्या वर्षीच्या उत्पन्नाचा विनियोग धरला जात नाही. या न्यासाचा इमारत निधी कायम निधी होता, सर्वसाधारण निधी तसा नव्हता. 63 लाख एका ओळीत लिहिले असते तर करमाफीसाठी उत्पन्नाचे 85 टक्के उद्दिष्टांवर खर्च झाल्याचा हिशेब मांडताना तपासनिसांना अंदाजाने फोड करावी लागली असती. ती फोड ठरावानेच करून दिली.

परवानगीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण इथे नेहमी गोंधळ होतो. 1950 च्या अधिनियमाचे कलम 36 न्यासाची मिळकत विकणे, अदलाबदल, बक्षीस आणि दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे यांविषयी आहे. न्यास खरेदी करतो तेव्हा ते लागत नाही. विकणाराही न्यासच असेल तर मात्र त्याला ते लागते, आणि मग त्याचा मंजुरी आदेश बघितल्याशिवाय विसारही देऊ नये. आपल्याकडे बघायचे ते कलम 35. ते न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा हे सांगते, आणि तिथे दिलेल्या मार्गांबाहेर पैसा गुंतवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी सांगते. न्यासाच्या स्वतःच्या वापराची जागा घेणे म्हणजे गुंतवणूक नसून उद्दिष्टावरचा खर्च आहे, असे म्हणता येते. मलाही ते पटते. तरीही इतकी वर्षे ठेवीत असलेला पैसा एका मिळकतीत जातो आहे, तर पुढे वाद नको म्हणून परवानगी घेऊन ठेवावी, असा सल्ला मी दिला आणि ठरावात ती अट घातली.

21 एप्रिल 2024 च्या सभेची नोटीस 10 एप्रिलला गेली. जागेचा पत्ता, प्रस्तावित किंमत आणि निधीचा तपशील नोटिशीतच होता. सातही विश्वस्त आले, एक बाहेर थांबले, सहा जणांनी मत दिले. ठराव असा झाला (पत्ता, क्रमांक आणि नावे इथे वगळली आहेत) :

'न्यासपत्रानुसार न्यासाच्या उद्दिष्टांसाठी स्थावर मिळकत घेण्याचा अधिकार विश्वस्तांना आहे. दि. 10 एप्रिल 2024 च्या नोटिशीने हा विषय कळवण्यात आला होता व आजच्या सभेस आवश्यक गणपूर्ती आहे. विश्वस्त क्र. 7 यांचे नातेवाईक व्यवहारात मध्यस्थ असल्याने ते या विषयाच्या चर्चेत व मतदानात सहभागी नाहीत.

असे ठरले की, न्यासाच्या वाचनालय व अभ्यासिकेच्या वापरासाठी परिशिष्ट "अ" मध्ये वर्णन केलेला तळमजल्यावरील गाळा, चटई क्षेत्र 640 चौरस फूट, त्याचे विद्यमान मालक यांच्याकडून एकूण रु. 58,00,000/- (अक्षरी रुपये अठ्ठावन्न लाख मात्र) इतक्या किमतीस न्यासाच्या नावे खरेदी करण्यात यावा. सदर किंमत सभेपुढे ठेवलेला मूल्यांकन अहवाल व शीर्षक शोध अहवाल विचारात घेऊन मान्य करण्यात येत आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व अनुषंगिक खर्च धरून एकूण खर्च रु. 63,00,000/- पेक्षा जास्त नसावा.

सदर रक्कम पुढीलप्रमाणे वापरावी : इमारत निधीच्या मुदत ठेवीतून व्याजासह रु. 41,50,000/-, सर्वसाधारण निधीतून रु. 12,00,000/-, व इमारत निधीसाठी लेखी मिळालेल्या देणग्यांतून रु. 9,50,000/-. ग्रंथ निधी किंवा अन्य विशिष्ट निधी वापरू नये. कोणतेही कर्ज घेऊ नये. विक्रेत्यास सर्व रक्कम न्यासाच्या खात्यातून, नियमाप्रमाणे टीडीएस वजा करून द्यावी.

सदर खरेदी धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीच्या अधीन राहील. परवानगी न मिळाल्यास विसाराची रक्कम पूर्ण परत मिळेल, अशी अट विसार पावतीत असावी.

वरील व्यवहार पार पाडण्यासाठी अध्यक्ष व सचिव यांना संयुक्तपणे अधिकृत करण्यात येत आहे. अध्यक्ष उपलब्ध नसल्यास, न्यासपत्रातील कार्याध्यक्षांच्या तरतुदीनुसार उपाध्यक्ष त्यांच्या जागी सही करतील. त्यांनी धर्मादाय कार्यालयात अर्ज करणे, ठेव मोडण्याचा अर्ज देणे, विसार पावती व खरेदीखतावर सही करणे, दुय्यम निबंधकांपुढे कबुली देणे आणि ताबा घेणे ही कामे करावीत. मिळकत, किंमत किंवा निधी यांत बदल करण्याचा अधिकार त्यांना नाही. हे अधिकारपत्र दि. 31 डिसेंबर 2024 पर्यंत वैध राहील. दि. 10 मार्च 2024 चा या विषयावरील ठराव रद्द करण्यात येत आहे.'

खाली सहा जणांच्या सह्या, सही करणाऱ्या तिघांच्या नमुना सह्या, आणि बाहेर थांबलेल्या विश्वस्तांची हजेरीची वेगळी सही.

त्यातले 'बदल करण्याचा अधिकार त्यांना नाही' हे वाक्य अध्यक्षांना आधी लागले. 'एवढा अविश्वास?' असे ते म्हणाले. मी त्यांना समजावले की हे वाक्य तुमच्या रक्षणासाठी आहे. विकणारा शेवटच्या दिवशी पार्किंगचे वेगळे 2 लाख मागू लागला, तर तुम्हाला हा कागद दाखवून नाही म्हणता येईल. त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेले 2 लाख विक्रेत्याने धनादेशाने परत केले आणि तेवढाच विसार न्यासाच्या खात्यातून अटीसह नव्याने दिला. अध्यक्षांच्या नावाची जुनी पावती रद्द केली. ती तशीच राहिली असती तर सौदा न्यासाचा की अध्यक्षांचा, हा प्रश्न कागदावर कायमचा उभा राहिला असता.

परवानगी यायला सप्टेंबर उजाडला. या काळात ठरावाची मुदत संपली नाही, कारण आम्ही ती वर्षअखेरपर्यंत धरली होती. तीन महिन्यांची धरली असती तर पुन्हा सभा बोलवावी लागली असती.

18 ऑक्टोबरला नोंदणी होती आणि त्याच आठवड्यात अध्यक्षांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. उपाध्यक्ष आणि सचिव गेले. ठरावाची प्रमाणित प्रत, परवानगीचा आदेश, पी.टी.आर. उतारा, न्यासाचे पॅन आणि दोघांची ओळखपत्रे सोबत होती. दस्ताच्या माहितीचा छापील तक्ता तपासायला हातात आला, तेव्हा खरेदी घेणाराच्या रकान्यात उपाध्यक्षांचे स्वतःचे नाव आणि पुढे त्यांचेच पॅन होते. न्यासाचे नाव कुठेच नव्हते. सचिवांनी चष्मा काढून कागद जवळ धरला, पुन्हा वाचला आणि दुरुस्ती सांगितली : आधी न्यासाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांकासह, मग 'तर्फे विश्वस्त' आणि मग दोघांची नावे, पॅन न्यासाचे. हा तक्ता घाईत सही करून देण्याचा कागद नाही. त्यातलेच नाव नोंदणी कार्यालयाच्या दस्त-उताऱ्यात, म्हणजे सूची क्रमांक दोनमध्ये उतरते आणि तिथे व्यक्तीचे नाव गेले की पुढे चूकदुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो.

विक्रेत्याला दोन्ही हप्ते मिळून 57 लाख 42 हजार मिळाले. किंमत 50 लाखांच्या वर असल्याने 1 टक्का टीडीएस, म्हणजे 58 हजार रुपये, फॉर्म 26QB भरून न्यासाने सरकारजमा केले.

खरेदीनंतर नव्वद दिवसांत 1950 च्या अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. म्हणजे इथे 16 जानेवारी 2025 पर्यंत मुदत होती. सचिवांनी तो 21 नोव्हेंबरलाच दिला, सोबत सूची क्रमांक दोन, खरेदीखत आणि 21 एप्रिलचा ठराव जोडला. न्यासाच्या मिळकत नोंदवहीत कोषाध्यक्षांनी गाळ्याची नोंद केली आणि शेऱ्याच्या रकान्यात ठरावाची तारीख व कोणत्या निधीतून किती रक्कम आली ते लिहिले. ग्रंथ निधीची ती पावती त्यांनी मुदत संपताच नव्याने ठेवली, आणि व्याजातून स्पर्धा परीक्षेच्या संदर्भग्रंथांची यादी मागवली.